दुसऱ्याचा कोड, तुमचा प्रोग्राम: ओपन सोर्स लायसन्स वाचायचं कसं आणि पाळायचं कसं

गिटहबवर कोड मिळाला, उतरवून घेतला, चालला. आता तो आपल्या प्रोग्राममध्ये घालून विकायचा की नाही? बहुतेक जण इथे दोन टोकांना जातात. काही म्हणतात, नेटवर आहे म्हणजे फुकट आहे. काही जण लायसन्सच्या नावानेच इतके बिचकतात की बिनधास्त वापरता येईल अशा गोष्टीही टाळतात. दोन्ही चूक आहे, आणि दोन्हीचं कारण एकच: लायसन्स उघडून कोणी वाचत नाही. खरं तर सर्वाधिक वापरलं जाणारं एमआयटी लायसन्स एका पानाचंही नाही.

सगळी लायसन्स एकामागून एक समजावत बसण्यापेक्षा एकच प्रोग्राम घेऊ आणि त्यात शिरलेल्या प्रत्येक परक्या कोडचं काय करायचं ते शेवटपर्यंत बघू.

समजा, तुम्ही कापड दुकानदारांसाठी बिलिंगचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहिताय. भाषा जावा. मराठीत बिल छापायचं, पीडीएफ काढायची, बिलावर यूपीआयचा क्यूआर कोड टाकायचा, हिशेब डेटाबेसमध्ये ठेवायचा. हे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून किंवा डाउनलोडची लिंक देऊन विकायचं आहे, आणि सोर्स कोड स्वतःपाशीच ठेवायचा आहे. शेवटची अट लक्षात ठेवा, कारण सगळा फरक तिथेच पडतो.

आधी मूळ नियम

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७, यात संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीचा दर्जा आहे. कोड लिहिला की त्या क्षणी कॉपीराइट लागतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, वर © लिहावं लागत नाही. म्हणजे परवानगी नाही ही मूळ स्थिती आहे, आणि लायसन्स म्हणजे लेखकाने काही अटींवर दिलेली परवानगी. अट मोडली तर परवानगी उरत नाही आणि उरतं ते कॉपीराइटचं उल्लंघन. अमेरिकेत २००८ साली जेकबसन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात अपील न्यायालयाने नेमकं हेच मान्य केलं. तिथे कोड मॉडेल रेल्वे चालवण्याचा होता आणि फुकट वाटलेला होता, तरी लेखकाचं नाव आणि बदलांची नोंद गाळणाऱ्याला कॉपीराइटखाली जाब द्यावा लागू शकतो असं न्यायालय म्हणालं.

यातून पहिली गोष्ट निघते. ज्या रिपॉझिटरीत लायसन्सच नाही, ती मोकळी नसते, पूर्ण बंद असते. गिटहबच्या अटींमुळे सार्वजनिक रिपॉझिटरी तुम्हाला तिथल्या तिथे बघता येते, फोर्क करता येते. ती उचलून स्वतःच्या प्रोग्राममध्ये घालायची परवानगी त्यातून मिळत नाही.

आपल्या बिलिंगमध्ये हा प्रश्न लगेच येतो. बिलाच्या तळाशी ‘अक्षरी रुपये’ छापायचे असतात: एक लाख तेवीस हजार चारशे सत्त्याण्णव फक्त. मराठीत एक ते नव्व्याण्णव प्रत्येक आकड्याला वेगळा शब्द, त्यामुळे इंग्रजीचं लॉजिक चालत नाही, आणि तयार कोड शोधायचा मोह होतो. समजा, कुणाची तरी छानशी रिपॉझिटरी सापडली, पण `LICENSE` नावाची फाइल नाही, रीडमीमध्ये एक शब्द नाही. अशा वेळी तिथे इश्यू उघडून लेखकाला नम्रपणे विचारा की लायसन्स जोडाल का. बरेच जण फक्त विसरलेले असतात आणि जोडून देतात. उत्तर आलं नाही, तर तो कोड बाजूला ठेवा आणि स्वतः लिहा. मराठी अंकांचे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत, लाख-हजार-शे असे तुकडे पाडायची रीतही नाही. कॉपीराइट असतो तो त्या माणसाने लिहिलेल्या ओळींवर. कल्पना घ्या, ओळी घेऊ नका.

प्रोग्राममध्ये नेमकं काय शिरलंय ते काढा

तुम्ही स्वतः चार लायब्ररी जोडता, त्या लायब्ररी आणखी वीस ओढून आणतात. आठवणीवर विसंबू नका, यादी काढा. मेवन वापरत असाल तर प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ही आज्ञा द्या:

```
mvn org.codehaus.mojo:license-maven-plugin:add-third-party
```

यादी `target/generated-sources/license/THIRD-PARTY.txt` मध्ये तयार होते. आपल्या प्रोग्रामची यादी साधारण अशी दिसेल (आवृत्तीचे आकडे आणि पत्ते गाळले आहेत):

```
(Apache License, Version 2.0)               com.google.zxing:core
(GNU Affero General Public License v3)      com.itextpdf:itextpdf
(GNU GPL v2 with Universal FOSS Exception)  com.mysql:mysql-connector-j
(MIT License)                               org.slf4j:slf4j-api
```

ही यादी लायब्ररीच्या लेखकाने मेटाडेटात जे लिहिलं त्यावरून बनते. तिथे काही लिहिलंच नसेल तर लायसन्स अज्ञात म्हणून येतं. अशा प्रत्येक ओळीसाठी आणि प्रत्येक महत्त्वाच्या लायब्ररीसाठी मूळ रिपॉझिटरीतली लायसन्स फाइल उघडून बघा, तीही तुम्ही वापरताय त्याच आवृत्तीची. आवृत्तीवर मी इतका जोर का देतोय ते थोड्या वेळात कळेल.

फॉन्ट, चिन्हं आणि कॉपी-पेस्ट केलेले तुकडे या यादीत येत नाहीत. ते हाताने लिहून काढावे लागतात.

दोन प्रश्न

आता प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारायचे. मी हा कोड दुसऱ्याच्या हातात देतोय का? आणि माझा कोड व हा कोड मिळून एकच प्रोग्राम होतो का?

पहिला प्रश्न अनेकांना चकित करतो. एमआयटीपासून ते प्रत देताना सोर्सही त्याच लायसन्सखाली द्यायला लावणाऱ्या जीपीएलपर्यंतच्या लायसन्समध्ये नुसतं वापरण्यावर काहीही बंधन नाही. तुमच्याच कार्यालयात, तुमच्याच संगणकावर जीपीएल कोड हवा तसा बदला, कुणालाही काही देणं लागत नाही. बंधनं सुरू होतात ती प्रत दुसऱ्याला दिली की. पेनड्राइव्ह, डाउनलोड, क्लायंटला दिलेली झिप, राउटरमध्ये भरलेलं फर्मवेअर, हे सगळं देणंच. वेबसाइटवरचं जावास्क्रिप्टही पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये उतरतं, म्हणून तेही. मात्र सर्व्हरवर चालणारा कोड कुणाच्या हाती जात नाही, म्हणून साधं जीपीएल तिथे लागू होत नाही. ही वाट बंद करण्यासाठीच एजीपीएल आलं: बदललेला प्रोग्राम नेटवर्कवरून लोकांना वापरू दिलात, तरी त्या लोकांना सोर्स मिळायला हवा.

आपलं बिलिंग दुकानदाराच्या संगणकावर जातं. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळीकडे हो आहे.

सोप्या ओळी: एमआयटी आणि अपाची

लॉगिंगसाठीचं एसएलएफ४जे एमआयटीखाली आहे. घ्या, बदला, विका, सोर्स देऊ नका, सगळं चालतं. एकच अट: कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत गेला पाहिजे. बंद सॉफ्टवेअर विकतानाही. ही अट अनेकदा मोडली जाते, कारण ती इतकी लहान आहे की ती आहे हेच लोक विसरतात.

क्यूआरसाठीचं झेडएक्सिंग अपाची २.० खाली आहे. इथेही बंद विक्री चालते. सोबत लायसन्सची प्रत द्यायची, एखादी फाइल बदलली असेल तर ती बदलल्याचं त्या फाइलमध्ये ठळक लिहायचं, आणि मूळ लायब्ररीत `NOTICE` नावाची फाइल असेल तर तिच्यातला मजकूर पुढे न्यायचा. त्याबदल्यात अपाची एक गोष्ट स्पष्ट शब्दांत देतं जी एमआयटीत लिहिलेली नाही: कोड देणाऱ्यांच्या पेटंटचा परवाना. त्याच कामाबद्दल कुणावरही पेटंटचा दावा ठोकलात तर हा पेटंट परवाना संपतो. लायब्ररीचं नाव किंवा लोगो स्वतःच्या जाहिरातीत मिरवायची परवानगी मात्र यात नाही.

अडणारी ओळ: आयटेक्स्ट

पीडीएफ काढायचं म्हटलं की शोधात आयटेक्स्ट वर येतं. त्याच्या जुन्या आवृत्त्या एलजीपीएल आणि एमपीएल या तुलनेने सैल लायसन्सखाली होत्या. २००९ मध्ये पाचवी आवृत्ती एजीपीएलखाली आली. इंटरनेटवरची जुनी ट्युटोरियल्स वाचून लोक आजही नवी आवृत्ती जोडतात, आणि लेखात ‘फुकट’ लिहिलंय म्हणून निश्चिंत राहतात.

इथे दुसरा प्रश्न लागतो. तुमच्या जावा क्लासने आयटेक्स्टचे क्लास इम्पोर्ट केले, त्यांच्या मेथड कॉल केल्या, की दोन्ही मिळून एक प्रोग्राम होतो. तो दुकानदाराला दिलात तर संपूर्ण बिलिंगचा सोर्स त्याच लायसन्सखाली त्याला द्यावा लागतो. साऱ्या जगाला नव्हे, ज्याला प्रत दिली त्याला. पण तो दुकानदार तो सोर्स पुढे कुणालाही देऊ शकतो आणि तुम्ही त्याला अडवू शकत नाही. पैसे घ्यायला बंदी नाही, जीपीएल सॉफ्टवेअर विकता येतं. लपवता येत नाही.

सोर्स द्यायचा नसेल तर तीन वाटा उरतात. आयटेक्स्टची कंपनी व्यावसायिक परवाना विकते, तो विकत घ्या. किंवा अपाची पीडीएफबॉक्ससारखी दुसरी लायब्ररी घ्या. तिसरी वाट मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. जुन्या परवान्याखालच्या आयटेक्स्टच्या चौथ्या आवृत्तीवरून काही लोकांनी ओपनपीडीएफ नावाचा फोर्क काढला, आणि तो एलजीपीएल २.१ किंवा एमपीएल २.० यांपैकी तुम्ही निवडाल त्या परवान्याखाली मिळतो. हे शक्य झालं कारण आधी दिलेली परवानगी मागे घेता येत नाही. मालक पुढच्या आवृत्तीचं लायसन्स बदलू शकतो, मागच्या आवृत्तीचं नाही. २०२३ मध्ये सर्व्हर उभारणीच्या टेराफॉर्म या साधनाचं लायसन्स बदललं तेव्हा ओपनटोफू हा फोर्क असाच जुन्या एमपीएल कोडवरून निघाला. म्हणून आवृत्ती बघायची, आणि लायब्ररी अद्ययावत करताना दर वेळी पुन्हा बघायची.

ओपनपीडीएफसाठी आपण एमपीएल निवडू. एमपीएलची मर्यादा फाइलपुरती असते. त्यांच्या फाइलमध्ये बदल केलात तर त्या फाइलचा सोर्स द्या. शेजारी असलेला तुमचा कोड तुमचाच. बदल केला नसेल तरी लायब्ररीचा सोर्स कुठे मिळेल हे ग्राहकाला सांगावं लागतं. लायब्ररी पक्की करण्याआधी मराठी मजकूर टाकून एक पीडीएफ काढून बघा. क्ष, ज्ञ, र्‍या, त्त्या ही अक्षरं फुटत असतील तर लायसन्स कितीही सोयीचं असलं तरी ती लायब्ररी आपल्या उपयोगाची नाही.

डेटाबेसचा दुवा

मायएसक्यूएलचा जावा कनेक्टर जीपीएल २ खाली आहे. त्याला जोडलेली सवलत ओपन सोर्स प्रकल्पांसाठी आहे, आपल्यासारख्या बंद सॉफ्टवेअरसाठी नाही. म्हणून हा बदलायचा. मारियाडीबीचा जावा कनेक्टर एलजीपीएल २.१ खाली आहे आणि मारियाडीबी सर्व्हरसोबत वापरता येतो.

एलजीपीएलचा भाव असा: तुमचा प्रोग्राम बंद ठेवा, पण ग्राहकाला ही लायब्ररी काढून तिची सुधारलेली प्रत बसवता आली पाहिजे. जावात याचा अर्थ फार ठोस आहे. कनेक्टरचा जार वेगळा, त्याच्या मूळ नावाने `lib` फोल्डरमध्ये राहू द्या. सगळे जार फोडून एकच मोठा जार बनवायची सवय अनेकांना असते, वर प्रोगार्ड लावून क्लासची नावंही बदलली जातात. तसं केलंत की ग्राहकाला लायब्ररी बदलता येत नाही आणि अट मोडते. तपासायची रीत सोपी आहे: कनेक्टरची दुसरी सुसंगत आवृत्ती त्याच फोल्डरमध्ये टाका आणि प्रोग्राम सुरू होतो का बघा. तुमच्या विक्रीच्या अटींमध्ये ‘रिव्हर्स इंजिनिअरिंगला मनाई’ असं सरसकट वाक्य असेल तर तेही दुरुस्त करा, कारण लायब्ररीतल्या बदलांचं डीबगिंग करण्यापुरती ती मुभा द्यावीच लागते. लायब्ररीचा सोर्सही सोबत द्या.

मारियाडीबीचा सर्व्हर स्वतः जीपीएल २ आहे. पण तो वेगळी प्रक्रिया म्हणून चालतो, तुमचा कोड त्यात मिसळत नाही, म्हणून तुमच्या कोडवर त्याचा परिणाम होत नाही. मात्र तो तुमच्याच इन्स्टॉलरमध्ये भरून दिलात तर सर्व्हरची प्रत तुम्ही वाटली, आणि तिचा सोर्स देण्याची जबाबदारी तुमची. दुकान एकच, संगणक एकच असेल तर मी तरी एसक्यूलाइट घेईन. ते पब्लिक डोमेनमध्ये आहे आणि हा सगळा भाग गळून पडतो.

यादीत न दिसणाऱ्या गोष्टी

मराठी बिलासाठी मुक्त हा फॉन्ट घेतला, असं धरू. मुंबईच्या एक टाइपने तो एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली दिला आहे. सॉफ्टवेअरसोबत तो देता येतो, पीडीएफमध्ये एम्बेड करता येतो आणि त्या पीडीएफवर कसलीही अट लागत नाही. फक्त फॉन्ट एकटा विकता येत नाही, आणि त्याच्यासोबत `OFL.txt` ही फाइल ठेवावी लागते. या लायसन्सखालच्या काही फॉन्टचं नाव राखीव असतं. तसा फॉन्ट बदलून पुढे दिलात तर नावही बदला.

स्टॅक ओव्हरफ्लोवरची उत्तरं क्रिएटिव्ह कॉमन्स बीवाय-एसए खाली असतात, मे २०१८ पासूनची ४.० आवृत्तीखाली. म्हणजे श्रेय द्या आणि त्यावर बेतलेलं काम त्याच अटींवर द्या. बंद सॉफ्टवेअरला हे जमत नाही. एखादा साधा मेथड कॉल सगळे सारखाच लिहितात, त्याची चिंता नको. पण तीस-चाळीस ओळींचं पूर्ण फंक्शन असेल तर ते समजून घ्या, टॅब बंद करा आणि स्वतः लिहा.

विक्रीची पेटी

ओपनपीडीएफ आणि मारियाडीबी कनेक्टर घेतल्यावर ग्राहकाला जाणारं फोल्डर असं दिसेल:

```
billing/
  billing.jar
  lib/        zxing, slf4j, openpdf, mariadb-java-client
  fonts/      Mukta-Regular.ttf, OFL.txt
  licenses/   THIRD-PARTY.txt, MIT.txt, Apache-2.0.txt,
              MPL-2.0.txt, LGPL-2.1.txt
  sources/    openpdf-sources.jar,
              mariadb-java-client-sources.jar
```

`THIRD-PARTY.txt` मध्ये प्रत्येक लायब्ररीचं नाव, आवृत्ती, कॉपीराइटची मूळ ओळ आणि सोर्स कुठे आहे ते लिहा. `MIT.txt` मध्ये नुसता कोरा नमुना ठेवून भागत नाही, एसएलएफ४जेच्या कॉपीराइटच्या ओळीसकट त्यांची फाइल ठेवा. प्रोग्राममध्ये ‘माहिती’चा पडदा असेल आणि त्यावर तुमचा कॉपीराइट दिसत असेल, तर तिथे मारियाडीबी कनेक्टरचीही नोंद करा. आधीच विकलेल्या प्रतींत काही राहून गेलं असेल तर नवी प्रत लगेच दुरुस्त करा आणि जुन्या ग्राहकांना हरवलेल्या फाइल पाठवा. जीपीएल ३ मध्ये तर यासाठी मुदतच लिहिली आहे: त्या कॉपीराइटधारकाकडून पहिल्यांदाच नोटीस आली आणि ३० दिवसांत चूक सुधारली, तर हक्क कायमचा परत मिळतो. जीपीएल २ मध्ये अशी मुदत नाही, उल्लंघन झालं की परवाना आपोआप संपतो.

तुमचा कोड देताना

‘अक्षरी रुपये’चा भाग तुम्ही स्वतः लिहिलात. तो वेगळा काढून सगळ्यांना द्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण मराठीत हे काम प्रत्येक जण नव्याने करत बसतो. कुणीही, बंद सॉफ्टवेअरमध्येही, वापरावा असं वाटत असेल तर एमआयटी घ्या. वापरणाऱ्याने आपले बदलही उघडे ठेवावेत असं वाटत असेल तर जीपीएल ३. स्वतःचं लायसन्स रचू नका आणि तयार लायसन्सला ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’ अशी शेपूटही जोडू नका. तसं केलं की ते ओपन सोर्स उरत नाही आणि जाणकार त्याला हात लावत नाहीत. रिपॉझिटरीच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये `LICENSE` फाइल ठेवा आणि प्रत्येक सोर्स फाइलच्या डोक्यावर यंत्रालाही वाचता येईल अशी ओळ घाला:

```
// SPDX-License-Identifier: MIT
```

त्याआधी तो कोड देण्याचा हक्क तुमचा आहे ना, हे बघा. नोकरीत, नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. तो तुम्ही कुठल्याच लायसन्सखाली देऊ शकत नाही. स्वतंत्रपणे काम घेत असाल तर उलट आहे. हक्क सहसा तुमच्याकडे राहतो, आणि क्लायंटला द्यायचा तर लेखी, सही केलेला करार लागतो. त्या करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून दोन्ही गोष्टी लिहा, आणि त्याच करारात एक परिशिष्ट जोडा: तुमच्या `THIRD-PARTY.txt` ची प्रत. म्हणजे तुमचा कोड कुठला आणि दुसऱ्यांचा कुठला, हे क्लायंटला पहिल्या दिवसापासून कागदावर दिसतं.